जुनं मशीन ठेवायचं की बदलायचं? बुडीत, संधी आणि वाढीव खर्च वेगळे कसे काढायचे

सांगलीत मार्केट यार्डाच्या जवळ आमची हळद दळायची गिरणी आहे. यार्डातून राजापुरी हळद घ्यायची, दळायची आणि पावडर पोत्यातून विकायची, हा मुख्य धंदा. हंगामात थोडी बाहेरची दळाईही घेतो. मशीन सासऱ्यांनी २०१६ साली घेतलं, दीर ते चालवतात आणि हिशोब माझ्याकडे असतो. २०२४ मध्ये नवीन मशीनचं कोटेशन आलं तेव्हा घरात महिनाभर रोज तोच विषय होता. सासरे एक आकडा सांगत, दीर दुसरा, आणि मशीन विकणारा तिसराच. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण प्रत्येकजण वेगवेगळ्या जातीचे खर्च एकाच बेरजेत घालत होता.

शेवटी मी एक कोरी वही घेतली आणि खर्च तीन पानांवर वेगळे केले. ते कसे केले ते इथं क्रमानं लिहिते. आकडे आमचे आहेत. तुमचे वेगळे येतील, पण कुठला आकडा कुठल्या पानावर जातो ते बदलणार नाही.

आधी हे जवळ ठेवा

- नवीन मशीनचं लेखी कोटेशन: किंमत, जीएसटी, वाहतूक आणि जोडणी वेगवेगळी दाखवलेलं
- जुन्या मशीनला आज कोण किती देतं, याचे निदान दोन भाव
- मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं
- दुरुस्ती आणि सुट्या भागांची बिलं
- पगारपत्रक, त्यात ओव्हरटाइम वेगळा
- किती हळद दळली आणि किती पावडर निघाली, याची नोंदवही
- ज्यांना नाही म्हणून परत पाठवलं त्यांची यादी (ही बहुतेकांकडे नसते; त्याबद्दल पुढे लिहिलं आहे)

जुन्या मशीनचं खरेदीचं बिल या यादीत नाही. ते विसरून राहिलेलं नाही, मुद्दाम वगळलं आहे.

१. सगळ्यात आधी पर्याय लिहा

"नवीन घ्यायचं का" हा प्रश्न अर्धाच आहे. खर्च नेहमी दोन पर्यायांच्या फरकातून दिसतो, म्हणून ते पर्याय शेजारी शेजारी लिहावे लागतात. आमचे असे होते: एक, जुनं पल्व्हरायझर आणखी ५ वर्षं चालवायचं. दोन, ते आज विकून क्लासिफायर असलेली, गार हवेवर चालणारी मिल घ्यायची. तिसराही होता, जुन्यालाच कूलिंग जॅकेट बसवायचं. पण त्याची चौकशी केली तेव्हा आमच्या मशीनच्या बॉडीला ते बसत नाही असं कळलं, म्हणून तो तिथंच खोडला.

मुदतही आत्ताच ठरवा. जुन्याचा हिशोब २ वर्षांचा आणि नव्याचा १० वर्षांचा केला तर तुलना होतच नाही. जुनं मशीन खात्रीनं जितकं चालेल तितकीच मुदत आम्ही धरली.

२. बुडीत खर्चाचं पान: लिहा आणि मिटा

जो पैसा गेला आहे, किंवा जाणार हे ठरून गेलं आहे, आणि आज कुठलाही निर्णय घेतला तरी बदलणार नाही, तो बुडीत खर्च. आमच्या पानावर तीन ओळी आल्या.

पहिली, २०१६ ची खरेदी, ११ लाख. ही सोपी आहे.

दुसरी, आदल्या वर्षीची दुरुस्ती. रोटरचा शाफ्ट, बेअरिंग, नवे बीटर आणि पॅनेल मिळून १ लाख ९० हजार गेले होते. सासरे रोज म्हणायचे, "अगं, परवाच दोन लाख घातलेत त्यात. निदान तेवढे तरी वसूल होऊ देत." त्यांचं दुखणं मला कळत होतं, कारण तो चेक मीच लिहिला होता. मी त्यांना एवढंच विचारलं, "अण्णा, मशीन ठेवलं तर ते दोन लाख परत येतील का? आणि विकलं तर पुन्हा द्यावे लागतील का?" दोन्हीचं उत्तर नाही असं आलं. मग तो आकडा निर्णयात येतोच कुठून? दुरुस्तीमुळे मशीन आज बरं चालत असेल, तर तो फायदा आजच्या विक्रीभावात आणि पुढच्या कमी दुरुस्तीत दिसतो. तिथं तो धरलेला असतोच. पुन्हा खर्च म्हणून धरला तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

तिसरी ओळ फसवी आहे. त्या दुरुस्तीसाठी छोटं कर्ज काढलं होतं आणि त्याचे ११ हप्ते शिल्लक होते. पैसा अजून जायचा आहे, म्हणून तो पुढचा खर्च वाटतो. पण मशीन ठेवलं तरी हप्ता जाणार, विकलं तरी जाणार. म्हणजे तोही बुडीतच. फक्त एक पाहा: तुमचं मशीन बँकेकडे तारण असेल, तर ते विकण्याआधी बँकेचं ना-हरकत पत्र लागतं आणि कर्ज आधी फेडावं लागू शकतं. मुदतीआधी फेडण्याचा काही आकार लागत असेल, तर तेवढा आकार मात्र विकण्याच्या निर्णयामुळे येतो. तो वाढीव खर्चाच्या पानावर जातो.

इथला मोठा सापळा: पुस्तकी किंमत. वहीत जुन्या मशीनची किंमत सुमारे ३ लाख दिसत होती. ११ लाखांवर दरवर्षी १५ टक्के घसारा, शिल्लक रकमेवर, ८ वर्षं लावला की साधारण तेवढंच उरतं. विक्रीभाव मिळत होता २ लाख ४० हजार. दीर म्हणाले, "वहिनी, विकलं तर साठ हजार तोटा होतोय." तो तोटा आज होत नाही. मशीन गेल्या ८ वर्षांत झिजलं, त्यातला थोडा भाग वहीत लिहायचा राहून गेला होता, एवढंच. पुस्तकी किंमत देऊन कुणी मशीन घेत नाही.

आयकराच्या बाबतीतही हा तोटा वेगळा वजा मिळत नाही, कारण घसारा एकेका मशीनवर नाही, तर यंत्रांच्या पूर्ण गटावर मोजला जातो. गटात दुसरी यंत्रं शिल्लक असतील, तर विक्रीची रक्कम गटातून वजा होते आणि नव्याची किंमत त्यात मिळवली जाते. तुमचं हे एकुलतं एक मशीन असेल तर गोष्ट वेगळी होते, तेव्हा सीएंना विचारूनच पुढं जा. माझा पुढचा सगळा हिशोब करापूर्वीचा आहे.

३. संधी खर्चाचं पान: इथं बिल येत नाही

ज्या खर्चाची पावती कधीच फाटत नाही, तो हा खर्च. एखादी वस्तू, जागा, पैसा किंवा वेळ एका कामाला लावला, की दुसऱ्या कामातून जे मिळालं असतं ते सुटतं. ते सुटणं म्हणजे संधी खर्च. बिल नसल्यामुळे तो वहीत येत नाही, म्हणून विसरला जातो.

*जुन्या मशीनची आजची विक्री किंमत.* "आपलंच मशीन आहे, ते वापरायला काय पडतं?" असं सगळे म्हणतात. आमच्या मशीनला हिंगोलीकडच्या एका नव्या गिरणीवाल्यानं २ लाख ४० हजार देऊ केले होते. ते ठेवायचं ठरवलं, की आम्ही ते २ लाख ४० हजार नाकारतो. म्हणजे ठेवणं फुकट नाही. ५ वर्षांनी त्याचे ६० हजार येतील असा भंगारवाल्याच्या भावानं अंदाज केला. ही रक्कम एकाच बाजूला घ्या: एक तर जुनं ठेवण्याचा खर्च म्हणून, नाहीतर नव्याच्या किमतीतून वजा. दोन्हीकडे घेतली तर नवं मशीन उगाच स्वस्त दिसतं. मी नव्यातून वजा केली. भाव फोनवर विचारू नका. मशीन चालू करून दाखवा आणि येणाऱ्याला बेअरिंगचा आवाज ऐकू द्या. फोनवर आम्हाला सव्वातीन लाखांचा भाव आला होता. समोर येऊन पाहिल्यावर तो २ लाख ४० हजार झाला. आणि विक्रीवर जीएसटी लागत असेल तर तो सोडून उरलेली रक्कम धरा.

*स्वतःचा पैसा.* ७ लाख आमच्या ठेवीतून आणि बाकीचे कर्जातून येणार होते. ठेव मोडली की तिचं व्याज सुटतं. म्हणून आपल्या पैशालाही दर लावावा लागतो. आम्ही सगळ्या रकमेला सरसकट १० टक्के धरले, कारण बँक त्याच आसपास मागत होती. इथं एक चूक नेहमी होते: नव्या मशीनची पूर्ण किंमतही धरतात आणि कर्जाचे हप्तेही धरतात. हप्त्यात मुद्दल असतंच, म्हणजे किंमत दोनदा लागते. किंमत एकदा आणि व्याजाचा दर एकदा, एवढंच धरा. घसारा धरूच नका, तो त्याच किमतीचे तुकडे आहेत.

*मशीनचा वेळ.* हे मला सगळ्यात उशिरा समजलं, आणि आमचा निर्णय शेवटी यावरच ठरला. जुनं मशीन तासाला २५० किलो काढायचं. वर्षाच्या २०० टनांना ८०० तास, म्हणजे ८ तासांचे १०० दिवस लागायचे. नवं तासाला ४५० किलो काढतं, म्हणजे ५६ दिवस. विकणाऱ्यानं लगेच मांडलं: ४४ दिवस वाचले, चार माणसं, रोजचे ६०० रुपये, १ लाख ५ हजार ६०० ची बचत. पण आमची माणसं महिन्याच्या पगारावर आहेत. ४४ दिवस मशीन बंद राहिलं म्हणून पगार कमी होत नाही.

वाचलेल्या वेळाला किंमत केव्हा येते? त्या वेळात काही विकता येत असेल तेव्हाच. ऑगस्टमध्ये आमचं मशीन असंही रिकामं असतं. तिथला वाचलेला तास शून्य रुपयांचा. मार्च ते मेमध्ये मात्र आम्ही बाहेरची दळाई नाकारत होतो. किती नाकारली हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी मी फोनचे मेसेज चाळले आणि दिरांना एकेक नाव आठवायला लावलं. मागच्या हंगामात सुमारे १८ टन परत गेलं होतं. दळाई किलोला ८ रुपये, त्यातून वीज, हमाली आणि पोती मिळून २ रुपये जातात, उरतात ६. म्हणजे १ लाख ८ हजार रुपये. जुन्या मशीनच्या संथपणाची ही खरी किंमत होती आणि ती कुठल्याच बिलावर नव्हती.

तुम्ही आजपासूनच एक वही गेटपाशी ठेवा. कुणाला नाही म्हटलं, की तारीख, किती माल आणि का नाही म्हटलं ते लिहा. एका हंगामानंतर तिच्याइतका उपयोगी कागद दुसरा नसेल.

४. वाढीव खर्चाचं पान: फक्त फरक लिहा

जुन्यावर एकूण किती खर्च होतो आणि नव्यावर किती होईल, हे मांडत बसायची गरज नाही. जे बदलतं तेवढंच लिहायचं. वाढलं तर वाढीव, कमी झालं तर बचत. जागेचं भाडं, मुनीम, विमा, आमचे घरचे पगार हे दोन्हीकडे सारखेच, म्हणून ते येतच नाहीत. कुणी तुम्हाला "मशीनचा ताशी दर" काढून देईल आणि त्यात भाडं वाटून घातलेलं असेल. मग वेगवान मशीनवर भाडंही वाचल्यासारखं दिसतं. घरमालक मात्र तेवढंच मागतो.

*सुरुवातीचा खर्च.* नवं मशीन १६ लाख. वरचा जीएसटी आम्हाला क्रेडिट मिळत असल्यानं धरला नाही. ज्यांना क्रेडिट मिळत नाही त्यांनी तो पूर्ण धरावा. पाया, क्रेन, केबल आणि डक्ट मिळून १ लाख १० हजार. कोटेशनमध्ये यातलं काहीच नव्हतं. जुन्याचे २ लाख ४० हजार वजा. निव्वळ १४ लाख ७० हजार.

*वीज.* विकणारा सगळ्यात जास्त बोलला ते विजेवर. दर टनाला १२ युनिट कमी लागतात हे खरं निघालं. २०० टनांना २,४०० युनिट, ९ रुपयांनी २१,६०० रुपये. पण मोटर मोठी आणि वर चिलर, म्हणून मंजूर भार वाढवावा लागला आणि मागणी आकार वर्षाला ४० हजारांनी वाढणार होता. तो मशीन बंद असतानाही लागतो. म्हणजे विजेत बचत नाही, उलट १८,४०० चा तोटा. वीजबिलावर युनिटचा आकार आणि मागणी आकार या वेगळ्या ओळी असतात; दोन्ही पाहा. भार वाढवताना भरलेली सुरक्षा ठेव परत मिळणारी असते, तेव्हा ती पूर्ण खर्च म्हणून धरू नका.

*दुरुस्ती.* बीटर, जाळ्या आणि बेअरिंगवर जुन्याचे वर्षाला १ लाख १० हजार, नव्याचे ७० हजार. ४० हजारांची बचत. आदल्या वर्षीची मोठी दुरुस्ती यात मिसळू नका, ती दरवर्षी होत नाही.

*मजुरी.* पगार तोच. हंगामातला ओव्हरटाइम मात्र खरोखर थांबणार होता: ४५ हजार.

५. घट मोजा, अंदाजावर जाऊ नका

हळद दळताना वजन कमी होतं. काही धूळ होऊन उडतं, काही मशीनमध्ये चिकटतं, आणि मशीन तापल्यामुळे ओलावा उडतो. किलोमागे दहा-अकरा पैशांची वीज मोजत बसणारे आम्ही, घटीकडे "ती होतेच" म्हणून पाहत होतो. फरकातली सगळ्यात मोठी रक्कम इथंच होती.

मोजायचं कसं ते सांगते. एकाच लॉटची, एकाच दिवशी फोडलेली १,००० किलो हळकुंडं घ्या. मशीन आणि सायक्लोन आधी झाडून स्वच्छ करा. दळून झाल्यावर पावडर तोला, आणि डस्ट कलेक्टरच्या पिशव्या झटकून आलेलं जे पुन्हा वापरता येतं तेही त्यात धरा. दळण्याआधी आणि नंतर ओलावा मोजा. आमच्या जुन्यावर ९७४ किलो आले, घट २६. मग त्याच लॉटची ५ क्विंटल हळद आम्ही गाडीत घालून मशीन बनवणाऱ्याकडे नेली आणि आमच्यासमोर दळून घेतली. हजाराला १८ किलोची घट आली. त्यानं आधी स्वतःची हळद घालून दाखवायची तयारी केली होती. ती खडखडीत वाळवलेली होती आणि तिची घट फारच कमी येत होती. तिथं आपलाच माल घालायचा आग्रह धरा.

आता ओलाव्याचा आकडा पाहा. हळद दळण्याआधी ९.५ टक्के ओलाव्याची होती. जुन्यातून निघालेली पावडर ८.२ टक्क्यांवर आली, नव्यातून ८.९ वर. म्हणजे जुन्याच्या २६ किलोंत सुमारे १४ किलो पाणी उडालं होतं, नव्याच्या १८ मध्ये सुमारे ७. हजारामागे वाचलेल्या ८ किलोंत बहुतेक वाटा ओलाव्याचाच. ते वजन विकता येतं, कारण हळद पावडरला १० टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. पण हळदच खडखडीत वाळलेली आली तर उडायला पाणीच कमी, आणि मग हा फरकही कमी होतो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

हजाराला ८ किलो म्हणजे २०० टनांना १.६ टन. तेवढीच पावडर विकायला तितकी हळद कमी घ्यावी लागेल, म्हणून मी खरेदीचा भाव लावला, पावडरचा विक्रीभाव नाही. क्विंटलला १३ हजारांनी २ लाख ८ हजार रुपये. हळदीचा भाव पडला की ही बचतही त्याच प्रमाणात पडते.

६. आता एकाच पानावर

वर्षाचा फरक असा आला:

- घट: २,०८,००० बचत
- वीज: १८,४०० तोटा
- दुरुस्ती: ४०,००० बचत
- ओव्हरटाइम: ४५,००० बचत
- नाकारलेली दळाई: १,०८,००० वाढ

एकूण ३,८२,६०० दरवर्षी. ५ वर्षांनी नवं मशीन साडेपाच लाखांना जाईल असं धरलं, जुन्याचे ६० हजार आलेच असते, म्हणून फरक ४ लाख ९० हजार.

पुढच्या वर्षांचा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो, म्हणून १० टक्के दरानं तो आजच्या किमतीत आणावा लागतो. ५ वर्षं दरवर्षी येणारा १ रुपया आज ३ रुपये ७९ पैशांचा, आणि ५ वर्षांनी एकदाच येणारा १ रुपया आज ६२ पैशांचा. संगणकावर करायचं तर एवढंच:

```
=PV(10%,5,-382600,-490000)
```

उत्तर साधारण १७ लाख ५४ हजार येतं. निव्वळ खर्च १४ लाख ७० हजार. नवं घेणं २ लाख ८४ हजारांनी पुढे.

हेच सासऱ्यांच्या पद्धतीनं केलं असतं, म्हणजे दुरुस्तीचे १ लाख ९० हजार आणि पुस्तकी किमतीचे ३ लाख "वाया जातात" म्हणून नव्याच्या खर्चात घातले असते, तर खर्च १९ लाख ६० हजार झाला असता आणि आम्ही नको म्हटलं असतं. हिशोबातला प्रत्येक आकडा बरोबर असूनही उत्तर उलटं आलं असतं, कारण दोन आकडे त्या पानावरचेच नव्हते.

७. कुठल्या आकड्यावर सगळं उभं आहे ते शोधा

एकेक ओळ खोडून पाहा. आम्ही नाकारलेल्या दळाईची ओळ खोडली, तेव्हा निकाल सव्वा लाखानं उणे गेला. म्हणजे बाहेरची दळाई आली नाही तर जुनंच बरं. उलट काढलं तर वर्षाला साडेपाच टन बाहेरची दळाई आली, की बरोबरी होते.

मग घटीचा फरक ८ ऐवजी ५ किलो धरून पाहिला. दळाई पूर्ण १८ टन येऊनही फायदा पुसला गेला आणि निकाल सुमारे ११ हजारांनी उणे आला. वर्षाच्या फरकातल्या बाकी कुठल्याही ओळीत एवढा जोर नव्हता. विजेवर आम्ही घालवलेल्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

म्हणून कोटेशनवर सही करण्याआधी दोनच कामं केली. दिरांनी परत गेलेल्या व्यापाऱ्यांना फोन लावले. सगळे "बघू" म्हणाले, पण दोघांनी मिळून ११ टनांचं लेखी दिलं आणि थोडी उचल पाठवली. "देऊ की" असं तोंडी म्हणणाऱ्यांचा माल आम्ही शून्य धरला. आणि वैशाखात आलेल्या कोरड्या लॉटवर घटीची चाचणी दोन्ही मशीनवर पुन्हा घेतली. तिथं फरक हजाराला साडेसहा किलो आला.

दळाई ११ टन आणि फरक साडेसहा किलो धरून पुन्हा गणित केलं. वर्षाचा फरक सुमारे ३ लाख २ हजार, आजच्या किमतीत सगळं मिळून साधारण १४ लाख ४८ हजार. खर्चापेक्षा २२ हजारांनी कमी. इतका घासून आकडा आला, तेव्हा आम्ही किमतीवर बोलायला बसलो. १६ लाखांत ६० हजार कमी करून घेतले आणि क्रेनचा खर्च विकणाऱ्याकडे घातला. त्याला हो म्हणायला लावलं ते त्या पानानं. आमची मर्यादा कुठं आहे हे आम्हाला नेमकं माहीत होतं, म्हणून बोलताना अडखळायला झालं नाही.

८. विक्री आणि खरेदीच्या तारखा जुळवा

जुन्याचा भाव कायमचा नसतो. हिंगोलीच्या माणसाला त्याच्या हंगामाआधी मशीन हवं होतं, नंतर त्यानं दुसरं घेतलं असतं आणि आमचे २ लाख ४० हजार भंगाराच्या भावावर आले असते. दुसऱ्या बाजूनं, नवं चालू होण्याआधी जुनं दिलं तर मधल्या दिवसांची दळण बंद. आम्ही त्याच्याकडून उचल घेतली, ताबा जूनअखेर द्यायचं लेखी केलं आणि नव्याची जोडणी हंगाम संपल्यावर ठेवली. जूनमध्ये मशीन आठवडाभर बंद राहिलं तरी काही सुटत नाही. तेच एप्रिलमध्ये केलं असतं, तर बंद दिवसांची नाकारलेली दळाई वाढीव खर्चात धरावी लागली असती.

नवं चालू झाल्यावर पहिल्या हंगामात त्याच पाच ओळी पुन्हा भरा, खऱ्या आकड्यांनी. आम्ही ते पान वहीला टाचून ठेवलं आहे. शेजारची रिकामी ओळ सासरे स्वतः भरतात, दर शनिवारी, घट तोलून झाल्यावर.